गळकी गच्ची, तीन फसलेले उपाय आणि रसायनाची निवड : बेळगावातील एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर बेळगाव शहराच्या जुन्या उपनगरातलं. मालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, इथेही तसंच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. बांधकाम १९९० च्या दशकातलं. खाली तीन खोल्या, वर दोन, आणि वर साधारण ३० फूट बाय ३० फुटांची सपाट गच्ची. स्लॅब पाच इंची. त्यावर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर सिमेंटचा थर आणि दोरीने आखलेले चौकोन. दहा-बारा वर्षांपूर्वी गच्ची तापते म्हणून कोब्यावरच सिमेंटच्या पाण्यात पांढऱ्या फरशा बसवलेल्या.

आमच्याकडचा पाऊस ठाऊक असलेल्यांना पुढचं फार सांगावं लागणार नाही. खानापूरच्या बाजूने ढग आले की चार-चार दिवस उघडीप नसते. सरींपेक्षा ही झड गच्चीला जास्त त्रास देते, कारण मधे वाळायला वेळच मिळत नाही. २०२४ च्या जुलैत असाच पाऊस लागला आणि गुरुजींच्या वरच्या झोपायच्या खोलीत पंख्याच्या हुकाशेजारून पाणी ठिबकायला लागलं. काकूंनी खाली पातेलं ठेवलं आणि मला फोन केला. मी सिव्हिल इंजिनियर आहे. गळतीची कामं बघतो, पण साहित्य विकत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे ब्रँडची नावं येणार आहेत.

नेमकी अडचण

पाऊस थांबून सहा दिवस झाले तरी हुकाजवळ थेंब पडत होता. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पाऊस सुरू होताच तासाभरात गळायला लागलं आणि थांबल्यावर थांबलं, तर बहुधा एखादी सरळ भेग असते. उन्हं पडल्यावरही आठवडाभर ठिबकत राहिलं, तर वर कुठेतरी पाणी साठलेलं असतं आणि ते हळूहळू खाली उतरत असतं.

वर जाऊन काठीने फरशा ठोकून पाहिल्या. निम्म्याहून जास्त पोकळ वाजत होत्या. पाण्याच्या नळीने उतार मोजला. नऊ मीटर लांबीत नऊ सेंटिमीटर उतार हवा, म्हणजे शंभरास एक. इथे तो जेमतेम तीन सेंटिमीटर होता. त्यातही फरशांचा थर चढल्यामुळे पन्हाळीचं तोंड आजूबाजूच्या फरशीपेक्षा दीड सेंटिमीटर वर राहिलं होतं. म्हणजे पन्हाळीपाशीच कायमचं डबकं.

मग पन्हाळीजवळची एक फरशी काढली आणि फूटभर चौकोनात कोबा स्लॅबपर्यंत फोडला. तळ आधी नुसता ओला दिसत होता. अर्ध्या तासाने पाहिलं तर त्या खड्ड्यात बोटभर पाणी आलं होतं. चारी बाजूंनी विटांच्या तुकड्यांतून झिरपून आलेलं, गढूळ, लालसर. गुरुजी कठड्याला टेकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे वर विहीरच बांधून ठेवलीय की आम्ही."

खाली छताचा गिलावा दोन ठिकाणी फुगला होता, त्यावर पांढरा खार होता. फुगवटा ठोकून काढल्यावर सळई दिसली. गंज वरवरचा होता, सळई खंगलेली नव्हती. त्यामुळे घाई होती, पण घाबरण्यासारखं नव्हतं.

आधीचे तीन उपाय का फसले

गुरुजींनी आठ वर्षांत तीनदा पैसे घातले होते. तिन्ही वेळी साहित्य बाजारातलं चालणारं, ब्रँडही नावाजलेले. तरीही तिन्ही फसले. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं आणि प्रत्येक कारण त्या डब्यातल्या रसायनातच होतं. या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्या वेळी गवंड्याने भेगांमध्ये सिमेंटच्या पाण्याबरोबर वॉटरप्रूफिंगचं द्रावण ओतलं. दुकानात 'एका पोत्याला दोनशे मिली' म्हणून जे मिळतं, तेच. डॉ. फिक्सिट एलडब्ल्यू+ हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. हे द्रावण आयएस २६४५ या मानकाखाली येतं, आणि ते ओल्या काँक्रीटमध्ये किंवा मसाल्यात मिसळण्यासाठी असतं. त्याने मिश्रण कमी पाण्यात सैल होतं, काँक्रीट दाट बसतं आणि आतली छिद्रं कमी होतात. नव्या स्लॅबला, गिलाव्याला उत्तम. पण पंचवीस वर्षं जुन्या, तडकलेल्या थरावर ते ओतणं म्हणजे भाकरी भाजून झाल्यावर पिठात मीठ घालण्यासारखं आहे. त्याला ना स्वतःचा पापुद्रा धरता येतो, ना भेग ताणून धरता येते. दोषी द्रावण नव्हतं, ते वापरायची जागा चुकली होती.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या गवंड्याने सिमेंटच्या पाण्यात सुतारकामाचा पांढरा गोंद कालवून दोन हात मारले. आमच्याकडे हे अजून सर्रास चालतं. पहिले काही महिने चिकटतंही छान. हा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट. तो पाण्यात विखुरलेला असतो, पाणी उडालं की त्याचा पापुद्रा धरतो. मात्र हा पापुद्रा सतत ओला राहिला की पुन्हा मऊ होऊन सुटतो. शिवाय सिमेंटचा क्षार त्याची साखळी तोडत जातो. लाकडाला यातलं काहीच भोगावं लागत नाही. गच्चीला दोन्ही भोगावं लागतं. दुसऱ्या पावसाळ्यात तो थर खरवडला तर ओल्या साबणासारखा निघायचा, असं गुरुजी सांगत होते.

तिसऱ्या वेळी रंगाऱ्याने फरशांवर पांढरं लवचीक अॅक्रिलिक कोटिंग मारलं. अॅक्रिलिकचा मोठा गुण म्हणजे ते ऊन सोसतं. वर्षानुवर्षं उन्हात राहूनही ते फार पिवळं पडत नाही की ठिसूळ होत नाही. म्हणून उघड्या भिंतींना आणि चांगला उतार असलेल्या गच्चीला ते चालतं. पण पाणी साचून राहिलं की ते पाणी पितं, फुगतं, मऊ पडतं. त्यात इथे खालच्या कोब्यात पाणी भरलेलं. उन्हाने त्याची वाफ होऊन वर यायला बघत होती आणि पापुद्र्याने तिची वाट अडवली होती. पहिल्याच उन्हाळ्यात लिंबाएवढे फोड आले. मी गेलो तेव्हा डबक्याच्या जागी कोटिंगचे पोपडे हातानेच निघत होते. उतार बरा असलेल्या पूर्वेच्या पट्ट्यात मात्र तेच कोटिंग घट्ट होतं. एकाच डब्यातलं, एकाच दिवशी मारलेलं. फरक होता तो फक्त खालच्या पाण्याचा.

पहिला निर्णय : कोबा ठेवायचा की काढायचा

गुरुजींच्या हातात तीन ठेकेदारांचे तीन प्रस्ताव होते. एकाचं म्हणणं, फरशांचे सांधे भरून वर पुन्हा अॅक्रिलिक मारू. दुसऱ्याचं, गॅसच्या ज्योतीने चिकटवतात तो डांबरी मेंब्रेन अंथरू. तिसरा पॉलियुरेथेनचं जाड कोटिंग देतो म्हणत होता. तिघांनीही कोबा जागेवरच धरला होता, कारण तो फोडणं खर्चाचं आणि धुरळ्याचं काम.

डांबरी मेंब्रेनला माझा विरोध नाही. मोठ्या, मोकळ्या, कोरड्या स्लॅबवर कसबी माणसाने शंभर मिलिमीटरची जोड देऊन अंथरलं तर ते चांगलं टिकतं. पॉलियुरेथेन तर ताण सोसण्यात इतर बहुतेकांच्या पुढे आहे. पण दोघांनाही खालची जागा कोरडी हवी. एकाच डब्यातून येणारं पॉलियुरेथेन हवेतली ओल घेऊन घट्ट होतं. खालीच ओल जास्त असली तर त्या क्रियेत कर्बवायू सुटतो आणि पापुद्र्यात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. ओल्या कोब्यावर काहीही मारलं तरी अॅक्रिलिकचंच भोग त्याच्या वाट्याला येणार होतं.

मी कोबा काढायला सांगितलं. चार इंची कोब्याचं वजन दर चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं. म्हणजे ८४ चौरस मीटर गच्चीवर १४ ते १५ टन, शिवाय त्यात मुरलेलं पाणी. तेवढा भार स्लॅबवरून उतरणार होता. गुरुजींनी दोन दिवस मागितले, मुलाशी बोलले आणि होकार दिला. पावसाळ्यापुरता पन्हाळीपाशी खड्डा करून साठलेल्या पाण्याला वाट दिली आणि काम फेब्रुवारी २०२५ पर्यंत थांबवलं.

दुसरा निर्णय : ओलीने ठरवलेली निवड

फेब्रुवारीत कोबा निघाला. मलबा गच्चीवर ढीग न करता त्याच दिवशी खाली उतरवायचा, असं मेस्त्रींना बजावलं होतं. ते खानापूर तालुक्यातले, कामाला चोख. कोब्याखालचा स्लॅब काळपट ओला होता. मधोमध उत्तर-दक्षिण जाणारी एक भेग होती, अर्धा मिलिमीटर रुंद, बरोबर खालच्या पंख्याच्या रेषेत. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तीन टिकल्या लावल्या. तिसऱ्या दिवशी दोन तडकल्या होत्या. म्हणजे भेग जिवंत होती, दिवसाच्या तापण्या-निवण्याबरोबर हलत होती.

यामुळे एक पर्याय आपोआप गळला. स्फटिक तयार करून छिद्रं बुजवणारी रसायनं टाकीला आणि तळघराला फार कामाची. पण ती बारीक आणि स्थिर भेगांसाठी. हलणाऱ्या भेगेत स्फटिक बसला तरी दुसऱ्या दिवशी तुटणार.

तीन आठवडे स्लॅब उघडा ठेवला. मग मीटरभराचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी पट्टीने चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी आतून दव धरलेलं होतं. म्हणजे वरून कोरडा दिसणारा स्लॅब आत अजून ओला. मनातून मला पॉलियुरेथेन हवं होतं, त्या भेगेसाठी तेच सर्वांत चांगलं. पण अजून महिनाभर थांबलो असतो तर एप्रिलचे वळीव आले असते. म्हणून ओल सोसणारं रसायन घ्यायचं ठरलं : दोन भागांत येणारं लवचीक अॅक्रिलिक-सिमेंट कोटिंग. एका डब्यात द्रव पॉलिमर, पिशवीत सिमेंट आणि बारीक वाळूची भुकटी. हे ओलसर पृष्ठभागावरच मारायचं असतं, कारण त्यातल्या सिमेंटला पाणी लागतं. ते वाफेला थोडी वाटही देतं, त्यामुळे फोड येत नाहीत. पॉलियुरेथेनइतकं ते ताणत नाही. ही उणीव भेगेवर वेगळे उपचार करून भरून काढायची होती.

ठेकेदार या प्रकारात पिडिफिन २के, सिकाटॉप सील १०७ आणि फॉसरॉकच्या ब्रशबॉन्ड मालिकेची नावं घेतात. आम्ही कोणतं घेतलं हे मुद्दाम लिहीत नाही, कारण रसायनाचा वर्ग ठरल्यावर ब्रँडने फारसा फरक पडला नसता. निवडताना दोनच गोष्टी पाहिल्या : मेस्त्रींचा हात ज्याच्यावर बसला आहे ते, आणि ज्याचा ताजा माल वितरक देऊ शकेल ते. भुकटीच्या पिशवीवरची तारीख बघावी. पिशवी दाबली की आत खडे लागले, तर परत करावी.

प्रत्यक्ष काम

भेग इंग्रजी व्हीच्या आकारात एक सेंटिमीटर खोल कोरली, झाडून साफ केली आणि पॉलियुरेथेन सीलंटने भरली. सिलिकॉन सीलंट टाळलं, कारण त्यावर पुढचं कोटिंग धरत नाही.

मग उताराचा थर. जुन्या काँक्रीटला नवं काँक्रीट आपण होऊन धरत नाही, मधे जोडणारं काहीतरी लागतं. इथे एसबीआर लॅटेक्स वापरलं, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचं दुधासारखं द्रावण. दुकानात पिडिक्रीट यूआरपी, नायटोबॉन्ड एसबीआर अशा नावांनी मिळतं. याचा पापुद्रा एकदा धरला की पाण्यात पुन्हा विरघळत नाही. पांढऱ्या गोंदात आणि यात हाच जीवनमरणाचा फरक आहे. दिसायला दोन्ही दूध. मात्र एसबीआरला ऊन सोसत नाही. त्याच्या साखळीतले ब्युटाडाइनचे दुहेरी बंध उन्हाने आणि हवेने तुटतात, थर पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून ते नेहमी कशाच्या तरी खाली हवं. सगळ्यात वरचा हात म्हणून कुणी ते सुचवलं तर ऐकू नये.

लॅटेक्स आणि सिमेंटचा हात मारल्यावर तो ओला असतानाच वर काँक्रीट पडलं पाहिजे. तो वाळला तर जोडण्याऐवजी तोडणारा थर होतो, त्याच्यावरून वरचं काँक्रीट अलगद सुटतं. मेस्त्रींच्या माणसांनी पहिल्या सकाळी एकदम मोठा भाग रंगवून ठेवला होता. ऊन चढलं, बोट लावलं तर कोरडं. तो भाग तारेच्या ब्रशने घासून पुन्हा करावा लागला. त्यानंतर तीन-तीन फुटांचे पट्टे, एक माणूस ब्रशने पुढे आणि दोघं घमेली घेऊन मागे, असं काम चाललं. शंभरास एक उतार धरला, पन्हाळीपाशी जाडी ४० मिलिमीटर. तेच दोनशे मिलीवालं द्रावण या नव्या काँक्रीटमध्ये घातलं. इथे ते आपल्या जागी होतं. खालच्या भेगेच्या रेषेतच या थरात सांधा सोडला आणि कठड्याच्या बुडाला लॅटेक्सच्या मसाल्याची गोलाई दिली. तिला आमच्याकडे वाटा म्हणतात. दहा दिवस पाणी मारलं.

कोटिंगच्या वेळी हिशेब आधी मांडला. गच्ची ८४ चौरस मीटर, कठड्यावर फूटभर चढवायचं त्याचे ११, एकूण ९५. एका हाताला चौरस मीटरमागे एक किलो, दोन हात, म्हणजे १९० किलो. पंधरा किलोचे तेरा संच. ते गुरुजींच्या ओट्यावर ओळीने लावून ठेवले आणि रिकाम्या पिशव्या फेकायच्या नाहीत असं ठरवलं. पिशव्या मोजण्याइतकी सोपी आणि खरी तपासणी या कामात दुसरी नाही.

पहिला हात झाला आणि मी पिशव्या मोजल्या. साडेसहा संपायला हव्या होत्या, पाचच संपल्या होत्या. ब्रश मारणारी दोन मुलं बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. घोटलेलं मिश्रण उन्हात घट्ट होत होतं म्हणून ती त्यात तांब्याने पाणी घालत होती. डब्यावरच्या सूचना त्यांना कोणी समजावून सांगितल्याच नव्हत्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती. या कोटिंगमध्ये द्रव आणि भुकटीचं प्रमाण ठरलेलं असतं. पाणी घातलं की पॉलिमर विरळ होतो, थर पातळ पडतो आणि ताण सोसायची ताकद जाते. मेस्त्रींनी खडूने बादलीवर ठळक लिहिलं, "नीर हाकब्याड", म्हणजे पाणी घालू नको. मुलंही हसून म्हणाली, आधी सांगायचं होतं की. मग काम दुपारी चारनंतर करायचं ठरलं आणि एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढंच मिश्रण घोटायचं. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, भरघोस मारला. त्यात सगळ्या वाट्यांवर आणि सांध्यावर पंधरा सेंटिमीटर रुंद काचतंतूंची जाळी दाबून बसवली. पहिल्या हातातली तूट भरायला पन्हाळीच्या बाजूला तिसरा हात दिला. एकूण चौदा संच लागले.

आठ दिवसांनी पन्हाळी कापडाच्या गोळ्याने बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवलं. खाली छत कोरडं राहिलं.

फरशी आणि तिचा चिकटा

कोटिंगवर फरशी बसवताना जुन्या सवयीने सिमेंटचं पाणी चालणार नव्हतं. लवचीक पॉलिमरच्या गुळगुळीत पापुद्र्याला नुसतं सिमेंट धरत नाही. शिवाय तापमानाचं गणित होतं. हिवाळ्याच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी गच्चीच्या पृष्ठभागात ४५ अंशांचा फरक सहज पडतो. नऊ मीटर लांबीत फरशी तेवढ्यात सुमारे तीन मिलिमीटर लांबते आणि खालचं काँक्रीट चार मिलिमीटर. हा एका मिलिमीटरचा फरक कोणीतरी सोसला पाहिजे. जुन्या फरशा पोकळ वाजत होत्या त्या बऱ्याच अंशी यामुळेच.

टाइल अॅडेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा क्रमांक असतो. त्याशिवाय काही कंपन्या युरोपीय वर्गही छापतात. त्यातला सी२ म्हणजे जास्त पकड, एस१ म्हणजे घट्ट झाल्यावर त्याची पट्टी किमान अडीच मिलिमीटर वाकते. उघड्या गच्चीसाठी हे दोन्ही हवेत. घरातल्या जमिनीची साधी, स्वस्त पिशवी इथे नको. रॉफ, एमवायके लॅटिक्रीट, वेबर, अर्डेक्स एन्ड्युरा यांच्याकडे हा वर्ग मिळतो. दुकानदाराकडे नाव मागण्याऐवजी एस१ मागावं. या भुकट्यांत सहसा व्हिनाइल अॅसिटेट आणि इथिलीनचा एकत्रित पॉलिमर असतो. म्हणजे नातं त्या सुताराच्या गोंदाशीच, पण इथिलीन जोडल्यामुळे पाण्याला आणि क्षाराला तो बराच जास्त तोंड देतो.

दातेरी थापीने खाली आणि फरशीच्या पाठीलाही अॅडेसिव्ह लावलं, म्हणजे खाली पोकळी राहून तिथे पाणी साठू नये. प्रत्येक पंधरावी फरशी लगेच उचलून पाठ तपासली. फरशांमध्ये पाच मिलिमीटर सांधा, आणि तीन-तीन मीटरवर पॉलियुरेथेन सीलंटचा मोकळा सांधा. खालच्या भेगेवरचा सांधा त्याच रेषेत वरपर्यंत आणला. पन्हाळीचं तोंड या वेळी फरशीच्या दहा मिलिमीटर खाली बसवलं. एप्रिल संपायच्या आत काम आटोपलं. बरं झालं, कारण २०२५ मध्ये पाऊस मेमध्येच येऊन ठेपला.

निष्पत्ती

जूनच्या पावसात छत कोरडं राहिलं. हुकाजवळचा भाग पूर्ण वाळला, खार झाडून तिथे गिलावा केला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. या वेळी ठिबक नव्हती, पण पश्चिमेच्या भिंतीवर, छताच्या खाली हातभर लांब ओला डाग होता.

दोन दिवस उघडीप मिळाल्यावर नळीने पाणी मारून शोध घेतला. हे खालून वर करायचं असतं. आधी फक्त फरशी आणि कठड्याचा सांधा, मग कठड्याची आतली बाजू, मग माथा, शेवटी बाहेरची बाजू. प्रत्येक जागी अर्धा तास. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि वाट कुठली ते कळत नाही. गच्चीवर पाणी मारलं तेव्हा डाग तसाच राहिला. कठड्याच्या माथ्यावर मारलं आणि वीस मिनिटांत डागाची कड पसरली. माथ्याच्या गिलाव्याला बारीक तडे होते आणि माथा बाहेरच्या बाजूला उतरता होता. पाणी विटांतून उतरून आमच्या कोटिंगच्या पाठीमागून खाली जात होतं. फूटभर वर चढवलेलं कोटिंग त्याला अडवूच शकत नव्हतं.

सप्टेंबरच्या उघडिपीत माथ्याचा गिलावा काढून लॅटेक्स घातलेल्या मसाल्याने, आतल्या बाजूला उतार देऊन, बाहेर पाणी टपकायची खाच ठेवून नवा केला. त्यावर आणि कठड्याच्या बाहेरच्या भिंतीवर लवचीक अॅक्रिलिकचे दोन हात दिले. गच्चीवर फसलेलं तेच रसायन. इथे उभी भिंत, पाणी साचत नाही, ऊन भरपूर, म्हणून इथे तेच बरोबर. ऑक्टोबरच्या पावसात डाग वाढला नाही, दिवाळीपर्यंत वाळला.

वेगळं काय करता आलं असतं

कठडा आधी बघायला हवा होता. कोब्यातल्या पाण्याने माझं सगळं लक्ष खाऊन टाकलं. फेब्रुवारीतच माथ्यावर अर्धा तास पाणी मारलं असतं तर एक पावसाळा वाचला असता. कोटिंगही फूटभरावर नुसतं संपवण्याऐवजी गिलाव्यात इंचभर खाच पाडून तिच्यात दाबायला हवं होतं.

स्लॅब जानेवारीच्या सुरुवातीला उघडला असता तर तो बहुधा मार्चपर्यंत पुरेसा वाळला असता आणि पॉलियुरेथेनचा पर्याय हातात राहिला असता. त्या हलत्या भेगेकडे मी अजून दर भेटीत बघतो. सांध्याचं सीलंट आज शाबूत आहे, पण ते उन्हात आहे आणि काही वर्षांनी बदलावं लागणार, हे गुरुजींना लिहून दिलं आहे.

मुलांना पहिल्याच दिवशी एकत्र बसवून, मराठीत आणि कन्नडमध्ये, एक संच स्वतः घोटून दाखवायला हवा होता. आता प्रत्येक कामावर ते करतो. गुरुजींनी चौदा रिकाम्या पिशव्या जिन्याखाली गठ्ठा बांधून ठेवल्या आहेत. शेजारचे विचारायला आले की ते आधी तो गठ्ठा दाखवतात.